बाथरूमच्या टाईल्सचे जॉइंट साफ करूनही दोन महिन्यांत परत पिवळे-काळे होतायत? आधी ॲसिड बंद करा

मी कोल्हापुरात टाईल्स फिटिंगची कामं करतो, आणि गेल्या काही वर्षांत नवीन फरशी बसवायच्या फोनपेक्षा हा फोन जास्त येतो, "दादा, जॉइंट पिवळे पडलेत, घासून घासून हात दुखले, दिवाळीला साफ केले होते आणि संक्रांतीपर्यंत परत तसेच". पहिला प्रश्न मी एकच विचारतो, साफ कशानं केले? दहातल्या सात-आठ घरांत उत्तर ठरलेलं असतं, ॲसिडनं. आणि परत परत काळं होण्याचं कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

टाईलला ॲसिडनं लगेच काही होत नाही, कारण वरचा चकचकीत थर काचेसारखा असतो. पण दोन टाईल्सच्या मधे जे भरलंय ते सिमेंट आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत तर ग्राउट, म्हणजे जॉइंट भरायचा तयार मसाला, तो पण नसतो, गवंड्यानं व्हाइट सिमेंट पाण्यात कालवून जॉइंटमधे पुसलेलं असतं, बस. सिमेंट म्हणजे मुख्यतः चुन्याचा प्रकार, आणि ॲसिड चुना खातं. ॲसिड ओतल्यावर जो फेस येतो ना, तो बघून लोकांना वाटतं की घाण उकळून निघतीय. फेस घाणीचा नाही, तुमचा जॉइंट विरघळतोय त्याचा आहे. स्वच्छ नव्या जॉइंटवर टाकलं तरी तसाच फेस येतो. वरचा पिवळा थर सिमेंटसकट निघून गेला म्हणून खालचं पांढरं दिसतं आणि आठ दिवस छान वाटतं, पण आता तो जॉइंट खडबडीत आणि सच्छिद्र झालेला असतो, स्पंजसारखा. साबणाचं पाणी, अंगाचं तेल, बोअरच्या पाण्यातले क्षार सगळं आत शिरतं. म्हणून पुढच्या वेळी जास्त लवकर पिवळं, मग अजून कडक ॲसिड, मग अजून लवकर. दोन-तीन वर्षांत जॉइंट टाईलपेक्षा खाली जातो, तिथं पाणी साठतं आणि मग काळी बुरशी धरते.

हे सगळं एका बाथरूमवर सांगतो म्हणजे नीट कळेल. फुलेवाडीत एका काकूंकडं गेलो होतो, घर बारा-तेरा वर्षांचं, बाथरूम पाच बाय सात फुटाचं. भिंतीला आयव्हरी रंगाच्या ग्लॉसी सिरॅमिक टाईल्स, खाली एक फुटी मॅट अँटीस्किड, उंबऱ्याला काळा कडप्पा, आणि जॉइंट व्हाइट सिमेंटचे दोन-तीन मिलिमीटरचे. वापराला बोअरचं पाणी. काकू म्हणाल्या, "दर दिवाळीला माणूस लावून ॲसिडनं धुऊन घेते, आधी वर्षभर टिकायचं, आता दोन महिने पण टिकंना." मी त्यांना सांगितलं, आज काहीच धुवायचं नाही, उद्या दुसऱ्या बाथरूममधे आंघोळी करा आणि हे बाथरूम चोवीस तास कोरडं ठेवा, मग मी येतो. त्यांना ते जरा विचित्र वाटलं, पण ऐकलं.

हे चोवीस तास लई महत्त्वाचे आहेत. कारण ओलं असताना सगळेच जॉइंट काळपट दिसतात, नेमकं कुठं काय आहे ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर चित्र स्वच्छ झालं होतं. भिंतीच्या खालच्या दोन ओळी पिवळ्या आणि बोटाला गुळगुळीत लागणाऱ्या. जमिनीवर बादली ठेवतात त्या भागात तपकिरी-पिवळं, जरा गंजासारखं. खिडकीखालच्या कोपऱ्यात काळे ठिपके. आणि नळाखाली साधारण हातभर लांबीचा एक जॉइंट बाकी सगळं कोरडं झालं तरी अजून ओला आणि काळपट. म्हणजे एकाच बाथरूममधे चार वेगवेगळे रोग, आणि काकू चारींवर एकच औषध ओतत होत्या.

आता कुठला डाग कशाचा ते ओळखायच्या खुणा.

काळ्या ठिपक्यावर कापसाच्या बोळ्यानं लिक्विड ब्लीचचा एक थेंब ठेवा आणि पाच-दहा मिनिटं बघा. ठिपका फिका पडला तर बुरशी. तसाच राहिला तर ती मातीची किंवा साबणाची काळी झालेली घाण आहे, तिला ब्लीच लावत बसू नका. कोपऱ्यात सिमेंटऐवजी सिलिकॉन भरलेलं असेल आणि काळं सिलिकॉनच्या आतून दिसत असेल तर ते घासून जात नाही, ब्लेडनं कापून काढून नवीन बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉनच भरावं लागतं.

पिवळ्याचं जरा वेगळं. बोट फिरवल्यावर गुळगुळीत, मेणासारखं लागत असेल आणि नखानं खरवडल्यावर नखात पांढरट-पिवळा गोळा येत असेल तर तो साबण आणि जड पाणी मिळून झालेला थर, त्यात अंगाचं आणि केसाचं तेल. दिवाळीत अभ्यंगाच्या आठवड्यानंतर हा थर किती वाढतो ते बघा एकदा. पण पिवळं तपकिरीकडं झुकत असेल आणि थर असा काही हाताला लागतच नसेल तर पाण्यातल्या लोखंडाचा संशय घ्या. काकूंकडं मी बोअरचं पाणी पांढऱ्या बादलीत रात्रभर भरून ठेवायला सांगितलं होतं, सकाळी पाणी पिवळसर आणि तळाला बारीक तपकिरी गाळ. फ्लशच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत तपकिरी रेघ. झालं, कारण सापडलं.

लोखंडाच्या डागावर ब्लीच मारू नका हे मुद्दाम सांगतो. ब्लीचनं विरघळलेलं लोखंड गंजात बदलतं आणि डाग अजून पक्का बसतो. कितीतरी लोक म्हणतात ब्लीच मारल्यावर पिवळं अजून वाढलं, ते याच्यामुळं.

मग शेवटची तपासणी जॉइंटच्या तब्येतीची. कोरड्या जॉइंटवर पाण्याचा थेंब टाका. थेंब दोन-चार मिनिटं तसाच उभा राहिला तर जॉइंट धड आहे. टाकल्या टाकल्या शोषला गेला तर सच्छिद्र झालाय. टूथपिकनं दाबून ओढल्यावर पांढरी पूड निघत असेल तर तो संपलाय, त्याला कितीही साफ करा, टिकणार नाही. काकूंकडं भिंतीवर थेंब टिकला, जमिनीवर मात्र टाकला की गायब.

साफसफाईची सुरुवात सगळीकडं तेलकट थर काढण्यापासून करायची, कारण वर मेणासारखा थर असताना दुसरं काही आतपर्यंत पोचतच नाही. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. खायचा सोडा नाही, धुण्याचा, किराणा दुकानात मिळतो. हातात रबरी मोजे घाला, हे पाणी कातडी कोरडी करतं. जॉइंटवर लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, वाळायला लागलं तर परत थोडं लावायचं, मग नायलॉनच्या कडक ब्रशनं जॉइंटच्या दिशेनं मागं-पुढं घासायचं. आडवं घासलं की ब्रश टाईलवरूनच सरकतो, जॉइंटमधे जात नाही. तारेचा ब्रश आणि भांड्याची तारेची घासणी अजिबात नको, ग्लॉसी टाईलवर बारीक चरे पडतात, ते आत्ता दिसत नाहीत पण पुढं त्यातच घाण बसून टाईल कायमची मळकट दिसते, आणि तारेचे तुटके तुकडे जॉइंटमधे अडकून गंजतात, म्हणजे तुम्हीच नवीन पिवळे ठिपके लावून ठेवता. घासून झालं की घाण पाणी तिथंच वाळू न देता भरपूर पाण्यानं धुऊन वायपरनं ओढून काढा. काकूंच्या भिंतीवरचं पिवळं जवळजवळ सगळं या एकाच पायरीत गेलं, ॲसिडचा थेंब न लागता. त्या म्हणाल्या, "एवढ्याचसाठी मी एवढी वर्षं ॲसिड ओतत होते होय?"

खायचा सोडा टाकून वर व्हिनेगर किंवा लिंबू ओतायचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. दोघं एकमेकांना मारतात, फेस येतो आणि खाली उरतं साधं खारट पाणी. त्यात थोडंफार साफ होतं ते तुमच्या ब्रशमुळं.

काळ्या बुरशीसाठी ब्लीच. कपड्यांचं साधं लिक्विड ब्लीच, एक भाग ब्लीच आणि तीन भाग थंड पाणी, गरम नको. जमिनीवर ब्रशनं लावता येतं, पण उभ्या कोपऱ्यात ते खाली ओघळून जातं, म्हणून टिश्यू पेपरच्या पट्ट्या त्यात भिजवून कोपऱ्यात चिकटवायच्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी काढायच्या. एका वेळी गेलं नाही तर धुऊन दुसऱ्या दिवशी परत, जास्त कडक करून एकदाच नको. जॉइंट रंगीत असेल, ग्रे किंवा चॉकलेटी, तर आधी दारामागं एका कोपऱ्यात लावून बघा, रंग उडतो. स्टीलच्या नळांवर आणि जाळीवर उडालं तर लगेच धुवा. ब्लीचिंग पावडर वापरली तरी चालते, पण ती कालवून गाळ खाली बसू द्यायचा आणि फक्त वरचं पाणी घ्यायचं, नाहीतर जॉइंटवर पांढरी भुकटी बसते.

आता जे सांगतोय ते नीट वाचा. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. लोकांना वाटतं मी कुठं एकत्र मिसळतोय, पण आपल्याकडं संडास-बाथरूम एकत्र असतं, सकाळी कमोडमधे टॉयलेट क्लीनर टाकलेलं असतं, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं, थोडं जमिनीवर सांडून जाळीत गेलेलं असतं आणि वरून तुम्ही ब्लीचचं पाणी सोडता. एवढ्याशा बंद खोलीत तेवढं पुरेसं आहे. म्हणून ब्लीच लावायच्या दिवशी दुसरं काहीच वापरायचं नाही, आधी जाळीत दोन-तीन बादल्या पाणी सोडायचं, खिडकी उघडी, दार उघडं, पंखा चालू. डोळे झोंबायला लागले, ठसका लागला, घशाशी जळजळ झाली तर तिथं थांबून धुवत बसू नका, सगळं तसंच टाकून मोकळ्या हवेत या, आणि श्वासाला त्रास वाटत असेल तर लगेच दवाखाना गाठा. माझ्या ओळखीतला एक पोरगा असाच बादलीवर वाकून काम करत होता, त्याला रात्र दवाखान्यात काढावी लागली.

लोखंडाच्या पिवळ्यासाठी काकूंकडं मी लिंबूसत्व वापरलं, तेच जे किराणा दुकानात छोट्या पुडीत मिळतं, सायट्रिक ॲसिड. म्हणजे हे पण ॲसिडच, ते पण सिमेंट थोडं खातंच, फक्त हायड्रोक्लोरिकपेक्षा खूप सौम्य आणि लोखंडाला धरून बाहेर काढतं, म्हणून नाईलाजानं आणि एकदाच. ब्लीचच्या दिवशी नाही, मधे एक दिवस सोडून आणि पूर्ण धुतल्यावर. आधी जॉइंट साध्या पाण्यानं भिजवून घ्यायचा. हे कोणी करत नाही, पण याच्यामुळं सिमेंटची छिद्रं पाण्यानं भरतात आणि ॲसिड खोलवर न जाता वरच्या डागावरच काम करतं. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व, ब्रशनं फक्त डागावर, दोन-तीन मिनिटं, हलकं घासून भरपूर पाण्यानं धुवायचं, शेवटी चमचाभर धुण्याचा सोडा टाकलेलं पाणी फिरवायचं म्हणजे आत राहिलेलं ॲसिड मरतं, आणि परत साधं पाणी.

याच्या आधी उंबरा बघा. आपल्याकडं बाथरूमच्या उंबऱ्याला कडप्पा नाहीतर मार्बल असतो, जुन्या वाड्यात जमिनीला शहाबादी असते. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, लिंबाचा रस पडला तरी चमक जाते, काळ्या कडप्प्यावर तर पांढरट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही, पॉलिशच करावं लागतं. काकूंच्या उंबऱ्यावर आधीच तसे दोन मोठे डाग होते, जुन्या ॲसिडचे. मी उंबऱ्यावर प्लास्टिक टाकून कडेनं टेप मारली आणि त्याला लागून असलेल्या पहिल्या जॉइंटला लिंबूसत्व लावलंच नाही. पूर्ण बाथरूमच शहाबादी किंवा मार्बलचं असेल तर लिंबूसत्वाची पायरी सोडूनच द्या.

जमिनीचं तपकिरी साधारण अर्धं गेलं. परत लावलं असतं तर अजून थोडं गेलं असतं, पण थेंब लगेच शोषला जात होता, म्हणजे जॉइंट आधीच खाल्लेला, त्याला अजून ॲसिड देणं म्हणजे परत तीच चूक. तिथं मी थांबलो आणि काकूंना स्पष्ट सांगितलं की भिंतीचे जॉइंट ठेवू, जमिनीचे खरवडून नवीन भरू.

आणि राहिला तो नळाखालचा ओला जॉइंट. बाकी सगळं वाळून एखादीच पट्टी ओली राहते तेव्हा तिथं पाणी वरून नाही, खालून किंवा मागून येत असतं. तिथं टाईलवर ठोकलं तर आवाज पोकळ आला, आणि नळाच्या फ्लँजच्या, म्हणजे भिंतीला टेकलेल्या गोल चकतीच्या मागं प्लंबरला बारीक गळती सापडली. अशा ठिकाणी वरून कितीही साफ केलं, नवीन भरलं, एपॉक्सी भरलं तरी काळं परत येणारच. आधी गळती, मग वाळवणं, मग जॉइंट, हाच क्रम. घरात एकाच ठिकाणी कायम काळं येत असेल तर ब्रश ठेवा आणि प्लंबरला बोलवा.

जॉइंट खरवडायला ग्राउट काढायची हातातली करवत मिळते, नाहीतर कटरचं जाड पातं. पूर्ण खोलपर्यंत नको, पण किमान दोन-तीन मिलिमीटर खोल गेलं पाहिजे, नुसतं वर पातळ थापलेलं ग्राउट महिन्याभरात पापुद्र्यासारखं सुटतं. पात्याचं टोक टाईलच्या कडेला लागू देऊ नका, कडेचा चकचकीत थर उडाला की तो टवका कायमचा राहतो. मशीनचा कटर घरी स्वतः लावू नका, हात एकदा सरकला की टाईलच जाते. तोंडाला मास्क, कारण सिमेंटची धूळ उडते. पूड ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं काढून दोन-तीन दिवस पंखा लावून पूर्ण वाळू द्यायचं. म्हणून हे काम पावसाळ्यात घेऊ नका, कोल्हापूरच्या जुलैमधे टॉवेल वाळत नाही तिथं जॉइंट काय वाळणार. मी ऑक्टोबरनंतरच घेतो.

जमिनीला एपॉक्सी ग्राउट भरलं. ते सिमेंट नसतं, रेझिन आणि हार्डनर मिसळून करतात, पाणी शोषत नाही आणि लिंबूसत्वासारख्या सौम्य ॲसिडला दाद देत नाही. महाग आहे, पण रोज पाणी पडणाऱ्या जमिनीला मी तेच सांगतो. फक्त थोडं थोडं कालवायचं, कारण अर्ध्या-पाऊण तासात घट्ट व्हायला लागतं, आणि टाईलवरचा थर तेव्हाच ओल्या स्पंजनं पुसायचा, मॅट टाईलवर वाळलेलं एपॉक्सी काढणं म्हणजे टाईल खराब करणं. चोवीस तास पाय नको, आणि आठवडाभर केमिकल किंवा कडक घासणं नको.

भिंतीच्या जॉइंटना, जे अजून धड होते, पूर्ण वाळल्यावर आत शिरून पाणी अडवणारा ग्राउट सीलर बारीक ब्रशनं दोनदा लावला आणि टाईलवर उडालेला पाच मिनिटांच्या आत पुसून काढला, नाहीतर ग्लॉसी टाईलवर धुरकट थर राहतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंब टाकून बघितला, उभा राहिला. वर्षभरानं परत थेंब टाकून बघायचा, शोषायला लागला की परत सीलर.

काकूंना रोजचं एकच काम सांगितलंय, शेवटच्या आंघोळीनंतर भिंतीच्या खालच्या भागावरून आणि जमिनीवरून वायपर फिरवायचा आणि दार उघडं टाकायचं. बोअरचं लोखंड तर येतच राहणार, त्यामुळं बादलीची जागा अधूनमधून बदलायची आणि पंधरा दिवसांनी सोड्याच्या पाण्याचा एक हात मारायचा. हे काम गेल्या नोव्हेंबरात झालं. या गणपतीच्या आधी गेलो होतो, पावसाळा बराचसा निघून गेल्यावर. जमीन नवीन होती तशी, भिंत चांगली, खिडकीखालच्या कोपऱ्यात मात्र चार-पाच काळे ठिपके परत आले होते कारण पावसात ती खिडकी बंदच होती, ते ब्लीचच्या एका पट्टीत गेले. कडप्प्यावरचे जुने पांढरे डाग तसेच आहेत, ते पुढच्या महिन्यात पॉलिशवाल्याकडून करून घेणार आहोत.